बैठक क्रमांकावरून रांग आणि आसन

प्रवेशपत्रावर छापलेला बैठक क्रमांक परीक्षार्थ्याचा असतो, तर बाकावर चिकटवलेली `D3` ही खूण त्या जागेची असते. परीक्षार्थी सकाळी एका खोलीत आणि दुपारी दुसऱ्या खोलीत बसू शकतो, पण त्याचा क्रमांक बदलत नाही. बाक मात्र तिथेच राहतो आणि त्यावर दर पेपरला वेगळा परीक्षार्थी येतो. या दोन गोष्टींची सांगड घालणे म्हणजे बैठक व्यवस्थेचा तक्ता. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत बैठक क्रमांक एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे सहा अंक अशा रूपात असतो. एका ब्लॉकला साधारण २५ परीक्षार्थी आणि एक पर्यवेक्षक अशी विभागणी केली जाते. पुढील सर्व उदाहरणे अशाच एका ब्लॉकची आहेत. क्रमांक उदाहरणापुरते घेतलेले आहेत, रीत मात्र कोणत्याही शाळा-महाविद्यालयाच्या परीक्षेला लागू पडणारी आहे.

समजा, ब्लॉकमधला पहिला क्रमांक `M057318` आणि शेवटचा `M057342`. खोलीत पाच रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत पाच आसने. रांगांना A ते E अशी अक्षरे आणि आसनांना १ ते ५ असे आकडे दिले, तर पहिल्या परीक्षार्थ्याला `A1` आणि शेवटच्याला `E5` मिळायला हवे. मधल्या `M057335` या क्रमांकाला कोणती जागा मिळेल, हे बोटे न मोजता काढायचे आहे.

अक्षर बाजूला ठेवले की ५७३३५ उरतात. त्यातून पहिला क्रमांक ५७३१८ वजा केला की १७ येतात. याचा अर्थ या परीक्षार्थ्याच्या आधी १७ जण बसलेले आहेत. आता १७ ला रांगेतल्या आसनसंख्येने, म्हणजे ५ ने भागायचे. भागाकार ३ आणि बाकी २. भागाकार सांगतो की तीन रांगा पूर्ण भरल्या आहेत, म्हणून हा परीक्षार्थी चौथ्या रांगेत, D मध्ये येतो. बाकी सांगते की त्या रांगेत त्याच्या आधी दोघे आहेत, म्हणून त्याचे आसन तिसरे. खूण तयार झाली: `D3`. प्राथमिक शाळेत शिकलेल्या भागाकाराखेरीज यात दुसरे काही नाही. भागाकारातून रांग मिळते आणि बाकीतून आसन.

सगळी गोम त्या वजाबाकीत आहे. बैठक क्रमांकाला थेट पाचाने भागायचा मोह होतो, कारण क्रमांक हाताशी असतो. पण ५७३१८ ला पाचाने भागले की बाकी ३ उरते, आणि पहिलाच परीक्षार्थी रांगेच्या चौथ्या आसनावर जाऊन बसतो. मंडळाने क्रमांक देताना कोणत्या खोलीत किती बाक आहेत याचा विचार केलेला नसतो. त्यामुळे क्रमांकाचा शेवटचा अंक आणि रांगेतली जागा यांचा आपसात काही संबंध नसतो. पहिला क्रमांक वजा केल्यावरच मोजणी त्या खोलीपुरती होते.

दुसरी चूक याहून बारीक आहे आणि ती अनुभवी माणसांकडूनही होते. बहुतेकांच्या मनात पहिला परीक्षार्थी ‘पहिला’, म्हणजे क्रम १, असा असतो. वहीत अनुक्रमांक एकापासूनच लिहिला जातो. `M057335` हा यादीत अठरावा आहे. १८ ला ५ ने भागले तर भागाकार ३ आणि बाकी ३ येते, म्हणून उत्तर `D3` असेच मिळते आणि रीत बरोबर वाटते. पण रांगेतल्या शेवटच्या आसनावर ती फसते. `M057322` हा पाचवा. ५ ला ५ ने भागले की भागाकार १ आणि बाकी शून्य. या हिशेबाने तो B रांगेत शून्याव्या आसनावर जातो, वास्तविक त्याची जागा `A5` आहे. दर पाच परीक्षार्थ्यांतले चार बरोबर बसतात आणि पाचवा चुकतो. म्हणून यादीवरून वरवर नजर फिरवणाऱ्याला ही चूक दिसत नाही. ओळखायची खूण मात्र पक्की आहे. तक्त्यात `B0` किंवा `E0` अशी शून्य आसनाची खूण कुठेही दिसली, तर मोजणी एकापासून झाली आहे असे समजावे. ‘हा कितवा’ असे विचारण्याऐवजी ‘याच्या आधी किती’ असे विचारले की ही अडचण उरत नाही. पहिल्याच्या आधी कोणीही नाही, म्हणून त्याचा आकडा शून्य. पाचव्याच्या आधी चार, म्हणून भागाकार शून्य, बाकी चार, आणि जागा `A5`.

एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हेच दोन सूत्रांत मांडता येते. बैठक क्रमांक A स्तंभात दुसऱ्या ओळीपासून आहेत असे धरले, तर पहिले सूत्र B2 मध्ये आणि दुसरे C2 मध्ये येते.

```
=VALUE(RIGHT(A2,6))-57318
=CHAR(65+INT(B2/5))&(MOD(B2,5)+1)
```

`RIGHT` उजवीकडचे सहा अंक घेते आणि `VALUE` त्यांची संख्या करते. `INT` भागाकाराचा पूर्णांक ठेवते, `MOD` बाकी देते. `CHAR(65)` म्हणजे A, कारण संगणकाच्या अक्षरसंकेतात A चा क्रमांक ६५ आहे, B चा ६६, आणि पुढे तसेच. बाकीत १ मिळवले आहे, कारण मोजणी शून्यापासून झाली तरी बाकावर छापायचा आकडा एकापासून सुरू व्हायला हवा. भागाकारात मात्र १ मिळवलेला नाही, कारण ६५ हा आकडाच पहिल्या अक्षराचा आहे. हा फरक लक्षात न घेता दोन्हीकडे १ मिळवणारे सूत्र पुष्कळदा लिहिले जाते. मग तक्त्यात A रांग उरत नाही आणि शेवटी F ही नसलेली रांग उगवते.

बैठक क्रमांकातल्या सुरुवातीच्या शून्याबद्दल इथेच सांगायला हवे. `057318` हे अंक अक्षराशिवाय टाईप केले, तर एक्सेल त्याला संख्या समजते आणि पुढचा शून्य टाकून देते. वजाबाकीला त्याने काही बाधा येत नाही, पण तोच स्तंभ छापला तर बाकावर पाच अंकी क्रमांक जातो आणि परीक्षार्थी प्रवेशपत्राशी ताडून पाहताना अडखळतो. म्हणून मूळ क्रमांक अक्षरासह मजकूर म्हणून जसाच्या तसा ठेवावा, आणि हिशेबासाठी लागणारी संख्या वेगळ्या स्तंभात काढावी.

केंद्रावर एकच ब्लॉक असतो असे नाही. क्रमांक सलग असतील तर हाच भागाकार दोनदा करून ब्लॉकही काढता येतो. केंद्राचा पहिला क्रमांक `M057318` असेल, तर `M057401` च्या आधी ८३ जण आहेत. ८३ ला २५ ने भागले की भागाकार ३ आणि बाकी ८. तीन ब्लॉक भरले, म्हणून हा चौथ्या ब्लॉकमध्ये. आता उरलेल्या ८ ला ५ ने भागायचे: भागाकार १, बाकी ३, म्हणून `B4`. दारावरच्या कागदावर ‘ब्लॉक ४’ आणि बाकावर `B4`. आधी मोठ्या गटाने, मग लहान गटाने भागायचे, हा क्रम उलटा करून चालत नाही.

आतापर्यंत क्रमांक सलग आहेत असे धरले होते. व्यवहारात ते नेहमी सलग नसतात, आणि खरी अडचण इथून सुरू होते. बारावीला ऐच्छिक विषयाच्या पेपरला केंद्रावरचे सगळे परीक्षार्थी नसतात. एखाद्या विषयाच्या यादीत `M057318`, `M057319`, `M057321`, `M057324`, `M057325`, `M057330` असे क्रमांक येतात आणि मधले गळालेले असतात. वजाबाकीच्या रीतीने `M057330` चा आकडा १२ येतो आणि जागा `C3`. पण खोलीत तो सहावाच माणूस आहे. त्याच्या आधी पाच जण आहेत, म्हणून त्याची जागा `B1` व्हायला हवी. वजाबाकी चुकीची नाही. ती ज्या गृहीतावर उभी होती ते गृहीत इथे लागू नाही. गळालेल्या प्रत्येक क्रमांकासाठी ती एक बाक रिकामा सोडते. पंचवीस जणांची खोली मग बारा-तेरा जणांतच भरल्यासारखी होते आणि उरलेल्यांसाठी जागा नाही असे दिसते.

दोन शाळांचे परीक्षार्थी एका खोलीत आले तर प्रकार आणखी उघड होतो. `M057342` नंतर दुसऱ्या शाळेचा `M061105` आला, तर वजाबाकी ३७८७ येते, भागाकार ७५७, आणि `CHAR` ला ८२२ वे अक्षर मागितले जाते. एक्सेल `#VALUE!` असे लिहून थांबते. ही चूक दिसते तरी; लहान फटींमुळे झालेली चूक बरोबर उत्तरासारखीच दिसते, म्हणून ती जास्त त्रासदायक.

यावर उपाय असा, की क्रमांकाची किंमत सोडून द्यायची आणि यादीतले त्याचे स्थान धरायचे. यादी चढत्या क्रमाने लावली की प्रत्येकाच्या आधी यादीत किती नावे आहेत एवढेच मोजायचे. B2 मधले सूत्र बदलून असे होते. इथे यादी २३ परीक्षार्थ्यांची, दुसऱ्या ओळीपासून चोविसाव्या ओळीपर्यंत आहे:

```
=MATCH(A2,$A$2:$A$24,0)-1
```

`MATCH` यादीत तो क्रमांक कितव्या जागी आहे हे सांगते, आणि त्यातून १ वजा केला की ‘आधी किती’ हे मिळते. C2 मधले सूत्र तसेच राहते. `M057330` ला आता ५ मिळतात आणि `B1` ही खूण येते. दोन शाळांचे क्रमांक कितीही लांबचे असले तरी फरक पडत नाही. या रीतीचा आणखी एक उपयोग आहे. यादीत एकच क्रमांक चुकून दोनदा आला असेल, तर `MATCH` दोन्ही वेळा पहिलीच जागा सांगते. तक्त्यात एक खूण दोनदा येते आणि एक खूण गायब असते. अशी जोडी शोधायला `COUNTIF` पुरते.

गैरहजर परीक्षार्थी हा याहून वेगळा विषय आहे आणि दोन्हींची गल्लत होऊ नये. ज्याचा विषयच नाही, त्याला या पेपरच्या यादीत स्थान नाही. जो यादीत आहे पण आला नाही, त्याची जागा मात्र त्याचीच राहते आणि बाक रिकामा ठेवला जातो. मागच्यांना पुढे सरकवून रिकामा बाक भरला, तर त्या बाकापासून पुढच्या सगळ्या खुणा चुकतात. पर्यवेक्षकाच्या हातातला तक्ता आणि समोर बसलेली मुले यांचा मेळ राहत नाही. एखादा परीक्षार्थी उशिरा आला, तर त्याला बसवायला जागाही उरत नाही.

खूण कशी वाचायची हे ठरवणे सूत्राइतकेच महत्त्वाचे आहे. वर्गात ‘रांग’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत जाणारी बाकांची ओळ येते. नाट्यगृहात रांग म्हणजे रंगमंचाला समांतर आडवी ओळ. `D3` म्हणजे डावीकडून चौथ्या उभ्या ओळीतला तिसरा बाक, की पुढून चौथ्या आडव्या ओळीतले तिसरे आसन? पाच बाय पाचच्या खोलीत दोन्ही अर्थ शक्य आहेत आणि दोन्हींत सगळे बाक व्यवस्थित भरतात, म्हणूनच घोळ लवकर लक्षात येत नाही. `A1`, `B2`, `C3`, `D4`, `E5` या पाच जागा तर दोन्ही अर्थांनी एकच येतात. बाकीच्या वीस जणांची अदलाबदल होते. डावे-उजवेही ठरवावे लागते, कारण फळ्याकडे तोंड करून बसलेल्या मुलाची डावी बाजू ही त्याच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाची उजवी. तक्त्याच्या वरच्या कडेला ‘फळा’ आणि एका बाजूला ‘दार’ असे दोन शब्द लिहिले की हे सगळे प्रश्न सुटतात. मग खोलीत पाऊल ठेवणाऱ्याला कागद कसा धरायचा हे विचारावे लागत नाही.

पुष्कळ केंद्रांवर क्रमांक नागमोडी टाकतात. पहिली रांग पुढून मागे, दुसरी मागून पुढे, तिसरी पुन्हा पुढून मागे. यामागे व्यवहारी कारण आहे. उत्तरपत्रिका गोळा करणारा पर्यवेक्षक एका रांगेतून मागे जातो आणि दुसऱ्या रांगेतून पुढे येतो. त्याला प्रत्येक रांगेनंतर रिकाम्या हाताने फळ्यापर्यंत परत यावे लागत नाही, आणि उत्तरपत्रिका आपोआप क्रमाने लागतात. इथे एक गोष्ट पक्की ठेवावी लागते: बाकाची खूण बदलायची नाही, फक्त भरण्याचा क्रम बदलायचा. प्रत्येक रांगेत १ हे आसन फळ्याजवळचेच राहते. B आणि D या रांगांत पहिला येणारा परीक्षार्थी मात्र पाचव्या आसनावर बसतो. म्हणून या रांगांसाठी बाकीत १ मिळवण्याऐवजी ५ मधून बाकी वजा करायची:

```
=CHAR(65+INT(B2/5))&IF(MOD(INT(B2/5),2)=0,MOD(B2,5)+1,5-MOD(B2,5))
```

`M057334` च्या आधी १६ जण आहेत. भागाकार ३, बाकी १. सरळ क्रमाने त्याची जागा `D2`, नागमोडी क्रमाने ५ वजा १, म्हणजे `D4`. `M057335` ला मात्र दोन्ही रीतींनी `D3` च मिळते, कारण रांगेतला मधला बाक दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर असतो. म्हणून सूत्र तपासायला मधल्या आसनाचे उदाहरण कधी घेऊ नये. चुकीचे सूत्रही तिथे बरोबर उत्तर देते.

मोठ्या सभागृहात अक्षरांचाच प्रश्न उभा राहतो. पाच रांगांच्या वर्गात तो जाणवत नाही. तीनशे जणांच्या सभागृहात दहा-दहाच्या तीस रांगा झाल्या, तर सव्विसाव्या रांगेनंतर इंग्रजी अक्षरे संपतात. सूत्राला ते कळत नाही. Z चा संकेत ९० आहे आणि ९१ व्या जागी चौकटी कंस येतो. तक्त्यात `[1`, `[2` अशा खुणा दिसल्या तर अक्षरे संपली आहेत हे ओळखावे. पुढे एक्सेलच्या स्तंभांप्रमाणे AA, AB असे जाता येते आणि ती अक्षरे एक्सेलकडूनच काढून घेता येतात. `ADDRESS` स्तंभाचा पत्ता देते आणि `SUBSTITUTE` त्यातला १ काढून टाकते:

```
=SUBSTITUTE(ADDRESS(1,INT(B2/10)+1,4),"1","")
```

तरीही तीस रांगांचे सभागृह दोन भागांत तोडून प्रत्येकाला वेगळे नाव देणे परीक्षार्थ्याला सोपे जाते. AA आणि A यांतला फरक घाईत सुटतो. घाईतच सुटणारी दुसरी अक्षरे म्हणजे I आणि O. I हा १ सारखा आणि O हा शून्यासारखा दिसतो. `I1` किंवा `O10` अशी खूण खडूने लिहिलेली असली तर वाचणारा थबकतोच. म्हणून अनेक नाट्यगृहांत ही अक्षरे रांगांना देत नाहीत. त्यासाठी `CHAR` सोडून वापरायच्या अक्षरांची माळच सूत्रात लिहायची आणि `MID` ने हवे ते अक्षर उचलायचे:

```
=MID("ABCDEFGHJKLMNPQRSTUVWXYZ",INT(B2/10)+1,1)
```

याच सोयीमुळे मराठी शाळेला तुकड्यांची ओळखीची अक्षरे वापरता येतात. माळेत `अबकडइफगह` लिहिले की चौथी रांग ‘ड’ होते. फक्त माळेतले प्रत्येक अक्षर सुटे असावे. ‘का’ सारखे काना-मात्रा असलेले अक्षर संगणक दोन चिन्हे म्हणून मोजतो आणि त्यापुढची सगळी अक्षरे एका जागेने सरकतात.

रांगेत दहा किंवा अधिक आसने असली की आणखी एक लहान गोष्ट पाहावी लागते. खुणांप्रमाणे यादी लावली तर संगणक `A1` नंतर `A10` आणि मग `A2` असा क्रम लावतो, कारण तो खूण मजकूर म्हणून वाचतो. आसनाचा आकडा `TEXT(MOD(B2,10)+1,"00")` असा दोन अंकी केला की `A01`, `A02` … `A10` हा क्रम नीट लागतो.

खरी खोली चौकटीत बसणारी असेलच असे नाही. पंचवीस बाकांच्या खोलीत C रांगेच्या शेवटी खांब आहे म्हणून तिथे चारच बाक, आणि E रांगेचा शेवटचा बाक दारात येतो म्हणून काढलेला, अशी खोली कोणत्याही जुन्या इमारतीत सापडते. इथे पाचाने भागणे सोडून द्यावे लागते. सूत्र `M057335` ला `D3` देईल. पण A आणि B मधले दहा, C मधले चार, असे चौदा बाक झाल्यावर D रांग सुरू होते. आधी सतरा जण आहेत, म्हणून त्याची खरी जागा `D4`. सूत्रात खांबासाठी एक आणि दारासाठी एक अट घालून ते सावरता येते, पण पुढच्या खोलीत खांब दुसरीकडे असतो.

अशा वेळी सगळ्यात भरवशाची रीत सर्वांत साधी आहे. खोलीतल्या खऱ्या बाकांची यादी वेगळ्या पानावर करायची, ज्या क्रमाने ते भरायचे आहेत त्याच क्रमाने: `A1` ते `A5`, `B1` ते `B5`, मग `C1` ते `C4`, आणि शेवटी `E4`. ही यादी बनवायला कोणी एकदा खोलीत जाऊन बाक मोजून यायला हवे. `Seats` नावाच्या पानावर अशी तेवीस खुणांची यादी असेल, तर परीक्षार्थ्यांच्या पानावर एवढेच लिहायचे:

```
=INDEX(Seats!$A$2:$A$24,B2+1)
```

बैठक क्रमांकाचे यादीतले स्थान आणि बाकाचे यादीतले स्थान एकमेकांसमोर येते. नागमोडी क्रम हवा असेल तर बाकांची यादी तशी लावायची. सूत्राला हात लावायचा नाही. शाळांमधून चाचणी परीक्षेला एका बाकावर आठवीचा आणि नववीचा असे दोघे बसवतात. तिथेही बाकांच्या दोन याद्या केल्या, एक डाव्या आसनांची आणि एक उजव्या आसनांची, की दोन्ही इयत्तांचे काम वेगवेगळे होते. या रीतीचा सगळ्यात मोठा गुण आणीबाणीत दिसतो. परीक्षार्थी चोवीस आणि बाक तेवीस असले, तर परीक्षार्थ्यांची यादी वाढवून घेतल्यावर चोविसाव्यासमोर `#REF!` येते आणि जागा कमी पडल्याचे परीक्षेच्या आधीच कळते. भागाकाराचे सूत्र अशा वेळी काही न बोलता त्याला `E4` देते आणि C रांगेच्या शेवटी बसणाऱ्याला `C5`, जो बाक त्या खोलीत नाहीच.

खुणेवरून उलट बैठक क्रमांकापर्यंत जाणे ही चांगली पडताळणी आहे, आणि पर्यवेक्षकाला खोलीत ती हातानेही करता येते. पूर्ण चौकटीची खोली आणि सलग क्रमांक असतील, तर `D3` म्हणजे आधी तीन पूर्ण रांगा, पंधरा जण, आणि त्या रांगेत आधी दोघे, एकूण सतरा. ५७३१८ मध्ये १७ मिळवले की ५७३३५. बाकावर बसलेल्या मुलाच्या प्रवेशपत्रावर हाच क्रमांक असायला हवा. तक्ता छापण्याआधी पहिली खूण, शेवटची खूण, एखाद्या रांगेचे शेवटचे आसन आणि लगेच पुढच्या रांगेचे पहिले आसन एवढी चार ठिकाणे ताडून पाहिली तर वर सांगितलेल्या बहुतेक चुका सापडतात, कारण चुका रांग बदलते तिथेच होतात. खुणांची संख्या परीक्षार्थ्यांइतकी आहे आणि एकही खूण दोनदा आलेली नाही, हेही पाहावे.

एकाच तक्त्यावरून दोन कागद निघतात. दारावरचा कागद बैठक क्रमांकाप्रमाणे लावलेला असावा, कारण परीक्षार्थ्याला आपला क्रमांक माहीत असतो आणि तो जागा शोधत असतो. पर्यवेक्षकाचा कागद बाकांच्या मांडणीप्रमाणे असावा, कारण त्याला जागा समोर दिसत असते आणि तिथे कोण असायला हवे हे पाहायचे असते. एक कागद लावून झाला की दुसऱ्यासाठी यादी पुन्हा क्रमवार लावावी लागते, आणि नेमक्या याच क्षणी सूत्रे दगा देतात. `MATCH` यादीतले स्थान सांगते; यादीचा क्रम बदलला की स्थान बदलते आणि तयार झालेल्या सगळ्या खुणा नव्याने मोजल्या जातात. म्हणून खुणा एकदा तपासून झाल्या की त्यांचा स्तंभ ‘पेस्ट स्पेशल’ मधून केवळ मजकूर म्हणून चिकटवून गोठवावा, आणि त्यानंतरच यादी हवी तशी लावून दोन्ही कागद छापावेत.